फोटोची खालची चार बोटं

आमच्याकडे एक्स-रेला अजून बरेच जण फोटोच म्हणतात. मी तेवीस वर्षं फोटो काढतोय. पेडण्याचा माणूस, नोकरी म्हापशाच्या बाजूला एका खासगी हॉस्पिटलात, दिवसपाळी. छाती, गुडघे, मणके, स्कूटरवरून पडलेल्यांची मनगटं यात दिवस जातो. पोटाचे फोटो त्या मानानं कमी, आणि त्यातही ज्याला आम्ही ‘उभा पोटाचा’ म्हणतो तो आणखी कमी. तो सांगितला की समजायचं, वर कुणाला तरी आतडं अडल्याचा संशय आला आहे.

त्या सोमवारी तो माझ्या मावशीसाठी सांगितला होता.

मावशी एकाहत्तर वर्षांची, हाडकुळी, उंचीनं जेमतेम चार फूट दहा इंच. चवथ नुकतीच झाली होती. तिच्या घरी पाच दिवसांचा गणपती. शनिवारी सकाळी ती आदोळीवर बसून नारळ खवत होती, दुपारी पंगत वाढली आणि संध्याकाळी पोटात कळ आली. कळ यायची, दोन-तीन मिनिटं पिळून काढायची आणि पूर्ण थांबायची. मधल्या वेळात मावशी उठून कामाला लागायची. रात्री उलटी झाली, त्यात खतखत्यातले अख्खे तुकडे. मग काय, सगळ्यांनी ठरवून टाकलं की चवथीचं जेवण बाधलं. ओव्याचं पाणी झालं, बिरिंडाचं सार झालं. रविवारी जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथं ॲसिडिटीचं इंजेक्शन आणि उलटी थांबायची गोळी मिळाली. गोळी पोटात टिकलीच नाही. त्या रात्री उलटीचा रंग हिरवा झाला. सुनेनं, म्हणजे माझ्या वहिनीनं, पोट साफ व्हावं म्हणून एरंडेल पाजलं. तिचा दोष नाही, माझ्या आईनंही तेच केलं असतं. पण पुढे वाट बंद असताना मागून ढकललं तर काय होणार? पहाटे कळा दुपटीनं वाढल्या, पोट नगाऱ्यासारखं झालं आणि उलटीला वेगळाच वास यायला लागला. मावसभावानं मला फोन केला, “अरे, आईच्या उलटीला शौचाचा वास येतोय. असं असतं का?”

असतं. आतड्यात बराच वेळ साचलेलं पाणी तिथल्या जंतूंमुळे कुजतं, तपकिरी होतं आणि उलट्या दिशेनं वर येतं. मी म्हटलं, आता घरी एक मिनिटही ठेवू नकोस, थेट इकडे आण.

अकरा वाजता ती आली. डोळे खोल गेलेले, जीभ लाकडासारखी कोरडी. तरी मला बघून म्हणाली, “माका काय जालां ना रे. ह्यांनी उगाच आणलं.” ड्युटीवरच्या डॉक्टरांनी पोट बघितलं. बेंबीखाली आडव्या कापाची जुनी खूण होती, वीस-बावीस वर्षांपूर्वी पिशवी काढली होती त्याची. ती खूण बघताच डॉक्टरांच्या डोक्यात उत्तर तयार झालं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. पोटाचं ऑपरेशन झालं की आत आतड्यांना चिकट पट्टे धरतात, आणि वर्षांनी कधीतरी एखाद्या पट्ट्यात आतडं अडकतं. लहान आतडं अडण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण. त्यांनी पोट दाबलं, स्टेथोस्कोप लावून ऐकलं, सलाइन लावलं आणि कागदावर लिहिलं: पोटाचा फोटो, आडवा आणि उभा.

दोन कशाला, असं प्रत्येक नातेवाईक विचारतो. अर्धी भरलेली बाटली घ्या. ती उभी ठेवून समोरून बघितली तर पाण्याची रेघ दिसते, वर हवा आणि खाली पाणी. तीच बाटली आडवी ठेवा आणि वरून बघा, रेघ कुठेच दिसणार नाही. फोटोचंही तसंच आहे. माणूस आडवा असतो तेव्हा किरण वरून खाली जातात, त्यात आतड्यांचा आकार, रुंदी, मांडणी दिसते, पण हवा-पाण्याची रेघ दिसत नाही. उभ्या फोटोत किरण जमिनीला समांतर जातात, म्हणून रेघ दिसते. त्यातही माणसाला उभं करून लगेच बटण दाबलं तर उपयोग नाही. हवा वर चढायला आणि पाणी खाली बसायला वेळ लागतो. मी पाच मिनिटं तरी उभं ठेवतो, जमलं तर दहा. घाईत काढलेला उभा फोटो कधीकधी खोटं बोलतो.

मावशीला उभं राहवत नव्हतं. अशा वेळी माणसाला डाव्या कुशीवर झोपवून बाजूनं फोटो काढता येतो, रेघ त्यातही दिसते. पण रक्तदाब शंभरावर होता आणि ती हट्टानं म्हणाली, “राहते मी उभी.” मावसभावाला शिशाचा ॲप्रन घातला आणि तिला दोन्ही बाजूंनी धरायला सांगितलं. घड्याळाकडे बघत आम्ही तिघं त्या खोलीत उभे होतो. तिसऱ्या मिनिटाला कळ आली, ती वाकली. त्या शांत खोलीत तिच्या पोटातला आवाज आम्हाला स्टेथोस्कोपशिवाय ऐकू आला, बंद नळ उघडल्यावर पाइपात होतो तसा. कळ ओसरल्यावर मी म्हटलं, “मावशी, श्वास सोड. आता घेऊ नको,” आणि बटण दाबलं.

त्याआधी आडवा फोटो काढला होता. त्या वेळचा एक प्रसंग आता सांगावाच लागेल. हॉस्पिटलचा गाऊन घालायला ती तयार झाली, पण परकराची नाडी सोडायला तयार होईना. “असू दे रे, तुझ्यासमोर काय?” भाच्यासमोर ती लाजली. मी बाईमाणसाला बोलवायला हवं होतं. सुट्टीचे दिवस, माणसं कमी, बाहेर आणखी चार जण थांबलेले. मी म्हटलं, असू दे. नाडी सुती असते, किरणांना अडवत नाही. गाठीच्या आणि चुण्यांच्या पुसट रेघा उठतात एवढंच.

फोटो पडद्यावर आला तेव्हा पुढचं कुणी वाचून सांगायची गरज नव्हती. उभ्या फोटोत पोटाच्या मधोमध कमानीसारखी वळलेली आतडी, प्रत्येक कमानीच्या वर काळी हवा आणि खाली सरळ आडवी रेघ. रेघा मी मोजल्या, आठ होत्या. त्या एका पातळीवर नव्हत्या, एकीपेक्षा दुसरी वर, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. पडद्यावरच्या मापानं सर्वात लांब रेघ पाच सेंटिमीटरच्या आसपास भरली.

रेघा दिसल्या म्हणजे आतडं अडलंच, असं मात्र नाही. दोन-चार छोट्या रेघा धडधाकट माणसाच्या पोटातही दिसू शकतात. साध्या जुलाबातही आतड्यात पाणी साचतं आणि रेघा दिसतात, त्यामुळे ‘गॅस्ट्रो’चा रुग्ण बघताना फसायला होतं. अडीच सेंटिमीटरपेक्षा लांब रेघा, आणि एकाच कमानीच्या दोन पायांत वेगवेगळ्या उंचीवर बसलेल्या रेघा दिसल्या, तर मग कान टवकारायचे. उलटही होतं. आतडं पाण्यानं काठोकाठ भरलं आणि हवा उरलीच नाही, तर रेघ कुठून येणार? तो फोटो नुसता करडा दिसतो आणि नवखा माणूस त्याला ‘नॉर्मल’ म्हणून मोकळा होतो. त्यामुळे साध्या फोटोवर विश्वास ठेवायचा, पण मोजून.

रुंदी बघायची ती आडव्या फोटोत. मावशीच्या आतड्याची रुंदी सव्वाचार सेंटिमीटर भरली. लहान आतडं तीनच्या आत असावं लागतं. मोठ्याला सहापर्यंत चालतं आणि त्याच्या सुरुवातीच्या पिशवीसारख्या भागाला नऊपर्यंत. तीन, सहा, नऊ, असं आम्हाला शिकताना घोकून घेतलं होतं. हे लहानच आतडं कशावरून? एक तर ते मधोमध होतं. मोठं आतडं चौकटीसारखं कडेनं फिरतं. दुसरं म्हणजे फुगलेल्या नळीवरच्या बारीक घड्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आरपार गेलेल्या होत्या. मोठ्या आतड्याच्या घड्या बहुधा अर्ध्यातच थांबतात. आणि मोठं आतडं जवळपास रिकामं होतं, गुदाशयात हवा नव्हती.

पावसात व्हाळाच्या मोरीत माडाची झावळी अडकली की काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. वरच्या बाजूला पाणी चढत जातं, खालची बाजू कोरडी पडते. पोटात हेच झालं होतं. लाळ, जठरातला रस, पित्त, स्वादुपिंडाचा आणि आतड्यांचा रस मिळून दिवसाला सात-आठ लिटर द्रव आतड्यात उतरतो आणि त्यातला बहुतेक सगळा पुढे परत शोषला जातो. वाट अडली की तो आतच साचतो, म्हणून पोट फुगतं. अंगातलं पाणी मात्र अंगाला मिळत नाही, म्हणून जीभ लाकूड होते. पोटात चार लिटर पाणी आणि माणूस तहानेनं सुकलेला.

डॉक्टरांनी विचारलं होतं, शौचाला झालं का? शनिवारी रात्री कळा सुरू झाल्यावर एकदा झालं होतं. तेवढ्यावर घरचे निर्धास्त राहिले होते, “पोट साफ होतंय ना!” पण अडथळ्याच्या खाली जे आधीचं असतं ते बाहेर पडतंच. खरं विचारायचं असतं ते वाऱ्याचं. वारा रविवार सकाळपासून सरला नव्हता, पण हे मावशी कुणाला आपणहून कशाला सांगेल?

मी फोटो वर पाठवले. पाठवण्याआधी नेहमीची सफाई केली. उजेड थोडा कमी-जास्त केला, उजव्या बाजूची खूण लावली आणि आडव्या फोटोचा खालचा भाग कापला. खाली मांड्यांचा पांढरा पसारा, त्यात परकराच्या चुण्या आणि गाठ, सगळं कसं गबाळं दिसत होतं. पूर्वी एका ठिकाणी कामाला होतो तिथं साहेबांना फोटो स्वच्छ चौकटीत लागायचा. तेव्हापासून हाताला सवय. पडद्यावरची चौकट खालून वर सरकवली आणि ओटीपोटाच्या हाडाच्या जेमतेम वरच्या कडेला आणून सोडली. साधारण चार बोटं गेली असतील. उभ्या फोटोत तर तो भाग मुळातच नव्हता, कारण वर छातीचा पडदा यायला हवा म्हणून उभा फोटो दोन इंच वर धरून काढतात. पोट फुटून हवा बाहेर आली असेल तर ती त्या पडद्याखाली चंद्रकोरीसारखी दिसते, म्हणून तो हवाच. मावशीच्या फोटोत तशी कोर नव्हती. मला तेवढ्यानं हायसं वाटलं.

वॉर्डात नाकातून नळी घातली. मावशीनं त्या नळीला घातलेल्या शिव्या इथे लिहीत नाही. पहिल्या तासाभरात पिशवीत नऊशे मिलिलिटर तपकिरी पाणी जमलं आणि तिचा चेहरा उतरला होता तो जरा वर आला. लघवीची नळी घातली, कारण सलाइन किती पुरतंय ते तासाच्या लघवीवरूनच कळतं. रक्तात क्रिएटिनिन वाढून 1.9, पोटॅशियम उतरून 3.1, पांढऱ्या पेशी वाढलेल्या. ठरलं असं की जुन्या ऑपरेशनमुळे चिकटलेलं आतडं असणार. नळी आणि सलाइनवर एक-दोन दिवस वाट बघू, पुष्कळदा आपोआप सुटतं. हे चुकीचं नाही. चिकटल्यामुळे अडलेलं आतडं खरंच बऱ्याचदा असं सुटतं, आणि उगाच पोट उघडलं तर नवीन चिकटण्याची सोय होते. फक्त त्याला एक अट आहे. आतड्याचा रक्तपुरवठा शाबूत हवा, आणि अडण्याला ताबडतोब सोडवावं लागेल असं दुसरं कारण नको.

दुपारी चारला सर्जन मॅडम आल्या. मी तेव्हा वॉर्डातच होतो, पाळी संपायला तास होता. त्यांनी फोटो बघितले, मान हलवली आणि मावशीजवळ जाऊन बसल्या.

“आजी, दुखणं आता कसं आहे? अजून येऊन-जाऊन की सारखं?”

मावशी म्हणाली, “सकाळपासून सारखंच ठणकतंय.”

हा फरक मी ऐकला होता, पण मनावर घेतला नव्हता. येणारी-जाणारी कळ म्हणजे आतडं अडथळ्याशी झगडतंय. कळ सारखी ठणकायला लागली की त्या तुकड्याचं रक्त तुटत असल्याची शंका घ्यायची. मॅडमनी पडदा ओढायला सांगितला, मला आणि मावसभावाला बाहेर काढलं. आतून मावशीचा आवाज आला, “तिथं कशाला? दुखतंय पोटात!” मग मॅडमचा शांत आवाज, “बायकाच आहोत आजी, नाडी जरा सैल करा.” मग बराच वेळ काही नाही.

बाहेर येऊन त्यांनी मावसभावाला विचारलं, “आईच्या उजव्या जांघेत गाठ आहे. कधीपासून?”

त्याला काय माहीत? कुणालाच माहीत नव्हतं. मावशीनंच मग सांगितलं, सुपारीएवढी गाठ आठ-दहा वर्षं होती. दुखायची नाही, मग कशाला दाखवायची? आता ती लिंबाएवढी होती, कडक, आणि बोट लावू देत नव्हती.

जांघेत जिथून पायाकडे मोठ्या रक्तवाहिन्या जातात, तिथं शिरेच्या आतल्या बाजूला बोटाच्या टोकाएवढी एक फट असते. त्या फटीतून आतड्याचा तुकडा खाली घसरला की तो जांघेच्या घडीत गाठ होऊन बसतो. नेहमीचा हर्निया पुरुषांचा, हा बायकांमध्ये जास्त दिसतो, त्यातही वयस्क आणि बारीक बायकांमध्ये. गाठ लहान असते, घडीत लपते. आणि फटीच्या कडा कडक असल्यामुळे आत गेलेला तुकडा आवळला जायचा धोका इथं फार मोठा. असा हर्निया असेल तर नळी लावून वाट बघायची नसते. मॅडम एवढंच म्हणाल्या, “फोटो सांगतो की तुंबलंय. कशानं तुंबलंय ते बोटानं शोधायचं असतं.” ड्युटीवरच्या डॉक्टरांचा चेहरा पडला. त्यांनी पोट नाडीपर्यंत तपासलं होतं. मीही फोटो नाडीपर्यंतच ठेवला होता.

सीटी काढलं, किडनी थकलेली म्हणून शिरेतून औषध न देता. त्यात सगळं स्वच्छ दिसलं. वर रुंद आतडी, ती येत येत उजव्या जांघेपर्यंत, तिथं एक छोटी पिशवी, शिरेला बाजूला रेटणारी, आणि त्यापुढे बारीक, रिकामं आतडं. औषधाशिवायच्या सीटीत तुकड्याला रक्त पोचतंय की नाही ते नीट कळत नाही. ते उघडल्यावरच कळणार होतं.

बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यावं का, असा एक फोन नातेवाइकांकडून आलाच. मॅडम म्हणाल्या, इथं रात्री नऊला टेबल मोकळं आहे, ॲम्ब्युलन्समध्ये वेळ घालवू नका. सरकारच्या दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड वहिनीच्या पर्समध्ये होतं, त्यामुळे पैशाचं बोलणं लवकर आटोपलं. मधल्या वेळात पोटॅशियम भरून काढलं, सलाइन वाढवलं, लघवी तासाला तीस मिलिलिटरच्या वर आली. भूल देणारे डॉक्टर तेवढ्यासाठीच अडून बसले होते, आणि ते बरोबर होतं.

ऑपरेशन चालू असताना मी खाली माझ्या खोलीत गेलो. घरी जायला हवं होतं, पण गेलो नाही. मशीन चालू केलं, सकाळचा आडवा फोटो उघडला. आमच्या यंत्रणेत पडद्यावर कापलेला भाग पुसला जात नाही, नुसता झाकला जातो. किरण मुळातच आखडून घेतले असते तर गोष्ट वेगळी, मग तो भाग फोटोत आलाच नसता. ही चौकट मी नंतर सरकवलेली. ती पुन्हा खाली ओढली.

उजव्या बाजूला, जांघेच्या हाडावर, परकराच्या दोन चुण्यांच्या मध्ये एक काळा थेंब होता. दीड-दोन सेंटिमीटरचा, वाटोळा. हवा. जिथं हवेला काही काम नाही अशा जागी. हर्नियात अडकलेल्या तुकड्यात दर वेळी हवा असतेच असं नाही, बहुधा पाणीच असतं आणि फोटोत काही दिसत नाही. पण या वेळी होती. सकाळी साडेअकरा वाजता ती माझ्यासमोर पडद्यावर होती आणि गबाळी दिसते म्हणून मी ती झाकली.

किती तरी वेळ मी तो थेंब मोठा करून बघत बसलो. डॉक्टरांना तो दिसला असता तर त्यांनी नाडी सोडायला लावली असती का? कदाचित. साडेचार तास वाचले असते. त्या साडेचार तासांत आतड्याचं काय झालं असेल, याचा हिशेब कुणी मांडू शकत नाही, आणि मी तो मांडणं काही थांबवू शकलो नाही.

अकराला मॅडम बाहेर आल्या. फट सैल केल्यावर अडकलेला तुकडा जांभळा-काळपट निघाला. त्यांनी तो कोमट सलाइनमध्ये भिजवलेल्या कपड्यात गुंडाळून दहा मिनिटं वाट बघितली, वरून पूर्ण ऑक्सिजन. बराचसा भाग गुलाबी झाला, त्याच्यावर हालचालीची लाट फिरली. पण जिथं फटीची कडा रुतली होती ती कड्यासारखी पट्टी आणि तिच्या पुढचा थोडा भाग काळाच राहिला. दहा सेंटिमीटरच्या आसपास तुकडा कापून दोन टोकं जोडली. फट नुसती टाक्यांनी शिवली. जाळी बसवली नाही, कारण आतडं उघडलेलं असताना जाळीत जंतू बसण्याची भीती. जुन्या ऑपरेशनचे चिकट पट्टे? त्यांनी म्हटलं, होते थोडे, पण आतडं कुठेच अडवत नव्हते. जी खूण बघून आम्ही सगळ्यांनी निकाल दिला होता तिचा काही संबंधच नव्हता.

मी त्यांना काळ्या थेंबाचं सांगितलं. न सांगता चाललं असतं, कुणी तो फोटो पुन्हा उघडला नसता. त्या थकलेल्या होत्या. खाली येऊन त्यांनी पडद्यावर बघितलं, थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “उद्या त्या पोराला हा पूर्ण फोटो दाखव. आणि यापुढे खालून कापू नको.” पोरगा म्हणजे ड्युटीवरचे डॉक्टर. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं त्या पडद्यासमोर शाळेत उभं केल्यासारखे उभे राहिलो.

तिसऱ्या दिवशी मावशीचं पोट पुन्हा थोडं फुगलं आणि नळीतून पुन्हा पाणी यायला लागलं. मावसभाऊ पांढराफटक पडला. फोटो सांगितला. या वेळी आमच्या स्टाफ नर्सनं नाडी सोडली, मी पाठ करून उभा होतो. उभं ठेवलं, पाच मिनिटं मोजली, बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा रुंद कमानी आणि पुन्हा रेघा. सोमवारचा फोटो शेजारी ठेवला असता तर अनोळखी माणसाला दोन्ही सारखेच वाटले असते. माझ्या पोटात गोळा आला. जोड सुटला की काय? पुन्हा अडलं?

पण नीट बघितल्यावर फरक होता. या वेळी लहान आतड्याबरोबर मोठ्यातही हवा होती, अगदी गुदाशयापर्यंत. कुठे एका जागी रुंदी संपून अचानक बारीक व्हावं असं काही नव्हतं. सगळंच थोडं थोडं सुस्तावलेलं. रेघा होत्या पण तोकड्या. पोट हाताला मऊ होतं, ताप नव्हता आणि स्टेथोस्कोपला जवळपास शांतता. आतड्याला हात लागला, ते कापलं, शिवलं की काही दिवस ते काम बंद ठेवतं. पोटॅशियम पुन्हा 3.2 पर्यंत उतरलं होतं, त्यानं सुस्ती आणखी वाढते. ते भरून दिलं, नळी राहू दिली, तिला धरून व्हरांड्यात चालवलं. ऑपरेशनला पुन्हा हात लावायची गरज नव्हती. ताप चढला असता, नाडीचे ठोके वाढले असते, पोट कडक झालं असतं, तर हाच फोटो घेऊन मॅडम वेगळ्या वाटेनं गेल्या असत्या.

त्या फोटोत मी खालची एक रेघही झाकली नव्हती. मांड्या, गाऊनच्या चुण्या, सगळा पसारा तसाच वर पाठवला. ड्युटीवरच्या डॉक्टरांचा फोन आला, “अहो, हा फोटो इतका खाली कसा?” आणि मग लगेच तेच म्हणाले, “असू दे, असू दे.”

चौथ्या दिवशी सकाळी मी पाळीवर जाण्याआधी वॉर्डात डोकावलो. वहिनी दारातच भेटली, हसू दाबत. आत मावशी उशीला टेकून बसली होती. मला बघून तिनं आधी इकडं तिकडं बघितलं, मग हातानं जवळ बोलावलं आणि कानात म्हणाली, “वारो सरलो. दोनदा. त्या मॅडमला तू सांग, मला लाज वाटते. आणि पेज कधी देणार ते पण विचार.”